दर एकवीस दिवसांनी ही सुई कशासाठी?

"डॉक्टर, पोरगी आता चांगली हिंडती-फिरती, शाळेत जाती. मग हे इंजेक्शन अजून किती दिवस टोचायचं?"

आमच्या ओपीडीत हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणारी आई बरोबरच विचारत असते. दुखणं आहे तोवर औषध आणि दुखणं गेलं की औषध बंद, असाच आपला सगळ्यांचा व्यवहार आहे. या एका आजारात मात्र तो हिशेब चालत नाही, कारण ती पेनिसिलिनची सुई झालेल्या दुखण्यासाठी नसतेच. पुढे होऊ शकणाऱ्या, अजून न झालेल्या दुखण्यासाठी ती असते. हे नीट कळलं नाही तर सहाआठ महिन्यांत सुयांच्या तारखांचं कार्ड ट्रंकेच्या तळाशी जातं आणि काही वर्षांनी मूल धापा टाकत परत येतं. म्हणून हा विषय जरा मुळापासून सांगते.

आजाराचं नाव ऱ्हुमॅटिक ताप. मराठीत काही जण संधिवाताचा ताप म्हणतात, पण आजी-आजोबांच्या गुडघेदुखीशी याचा संबंध नाही. हा मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा आजार आहे आणि त्याची सुरुवात घशात होते.

एका मुलीची गोष्ट

तिला पूजा म्हणू. ती कोणी एक मुलगी नाही, अनेक केसपेपरांवरून जुळवलेली आहे. पण असं मूल पाहिलं नाही असा बालरोगतज्ज्ञ ग्रामीण महाराष्ट्रात विरळाच.

पूजा नऊ वर्षांची. आईवडील बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर. दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून कारखान्यावर जायचं आणि मार्चपर्यंत उसाच्या पाचटाच्या कोपीत राहायचं. एका कोपीत पाचसहा माणसं, शेजारी तशाच पन्नास कोप्या. नोव्हेंबरात तिचा घसा अचानक धरला. ताप आला, थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी हाताला लागत होत्या. खोकला नव्हता, नाकही वाहत नव्हतं. जवळच्या दवाखान्यात तापाचं इंजेक्शन आणि लाल औषधाची बाटली मिळाली. चौथ्या दिवशी पोरगी उठून खेळायला लागली आणि घसा सगळेच विसरले.

अडीच आठवड्यांनी तिचा उजवा गुडघा सुजला. लाल, गरम, आणि इतका दुखरा की त्यावर गोधडीही सहन होईना. दोन दिवसांत गुडघा उतरला आणि डावा घोटा धरला. घोटा बरा होतो न होतो तोच मनगट. कोणी म्हणालं पडली असेल, कोणी म्हणालं वात आहे. दुखण्याच्या गोळीने एका दिवसात फरक पडला, पंधरा दिवसांत सगळं साफ बरं. तिच्या छातीला स्टेथोस्कोप कोणी लावला नाही.

अकराव्या वर्षी पुन्हा घसा आणि पुन्हा सांधे. या वेळी पाण्याचा हंडा आणताना तिला दम लागला. तेव्हा कोणीतरी हृदयाचे ठोके ऐकले आणि 'लब-डब'च्या मध्ये वाऱ्यासारखा 'फूऽऽस' आवाज आहे हे लक्षात आलं. एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. हृदयाची झडप गळत होती.

घशाचा आणि हृदयाचा संबंध काय?

मुलांचा घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे दुखतो आणि आपोआप बरा होतो. त्यात सर्दी, खोकला, आवाज बसणं असतं. काही वेळा मात्र 'अ गटाचा स्ट्रेप्टोकोकस' नावाचा जिवाणू घशात बसतो. आपण त्याला स्ट्रेप म्हणू. पूजाचा पहिला घसा त्याच्याच वळणाचा होता: अचानक ताप, गिळताना वेदना, मानेत गाठी, खोकला नाही.

हा जिवाणू हृदयात जात नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. तो घशातच राहतो आणि काही दिवसांनी निघूनही जातो. हृदयावर हल्ला करतं ते आपलंच शरीर.

गावात चोरी झाली आणि राखणदारांना एवढंच सांगितलं की चोर पांढऱ्या टोपीचा, मिशीवाला, उंच आहे, तर काय होईल? चोर केव्हाच पसार होतो, आणि पहाटे शेताकडे निघालेला पांढऱ्या टोपीचा, मिशीवाला, उंच शेतकरी मार खातो. स्ट्रेपच्या अंगावरची काही प्रथिनं आपल्या हृदयातल्या, सांध्यांतल्या आणि मेंदूच्या काही भागांतल्या प्रथिनांसारखी दिसतात. प्रतिकारशक्ती स्ट्रेपला ओळखायला शिकते आणि त्या ओळखीवर आपल्याच पेशींना झोडपते. हे शिकायला तिला वेळ लागतो, म्हणून घसा बरा झाल्यावर दोनतीन आठवड्यांनी सांधे धरतात. मध्ये एवढे दिवस गेल्यामुळे या दोन गोष्टी आईवडिलांना जोडता येत नाहीत. साधारण तीनात एका मुलाला तर घसा दुखल्याचं आठवतही नाही.

मेंदूवरचा परिणाम वेगळाच दिसतो आणि कधी कधी काही महिन्यांनी, एकटाच येतो. मुलाचे हातपाय आपोआप उडतात, हातातली वाटी सांडते, अक्षर एकाएकी बिघडतं. अशा मुलाला आधी शाळेत ओरडा बसतो, डॉक्टर नंतर भेटतो. सुंदर अक्षर असलेल्या मुलीची वही पंधरा दिवसांत कोंबडीच्या पायांसारखी झाली तर ते चाळे समजू नका, तिला दाखवा.

प्रत्येक दुखऱ्या घशाला घाबरायचं का?

नाही. स्ट्रेपचा घसा उपचाराविना राहिला तरी शंभरातल्या फार तर तीन मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो, बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी. पण त्या वेळी योग्य औषध मिळालं तर तेही टळतं. अमेरिकेत वायोमिंगमधल्या वॉरन हवाई तळावर १९४८ नंतरच्या काही वर्षांत रॅमेलकॅम्प, डेनी आणि वॉनामेकर या डॉक्टरांनी बराकींत राहणाऱ्या जवानांवर हे तपासलं. घशात पू असलेल्या जवानांना पेनिसिलिन दिलं की नंतरचा ऱ्हुमॅटिक ताप जवळजवळ नाहीसा होत होता. पुढे असंही दिसलं की घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी चालतं. म्हणजे तालुक्याला पोचायला एकदोन दिवस लागले तर बिघडत नाही. बिघडतं ते दहा दिवसांच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी बंद केल्यामुळे.

पूजाला पहिल्या वेळी दहा दिवस पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या, नाहीतर पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन मिळालं असतं, तर पुढचं काहीच सांगावं लागलं नसतं.

सांधे पूर्ण बरे होतात, मग झडप का नाही?

हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये मायट्रल नावाची झडप असते. तिला दोन पातळ पडदे असतात. हे पडदे एका दिशेने उघडतात, रक्त खाली जाऊ देतात आणि लगेच मिटतात. दिवसाला सुमारे एक लाख वेळा. सांध्याची सूज उतरते आणि मागे काही ठेवत नाही. झडपेचा पडदा सुजला तर बरा होताना तिथे व्रण राहतो. भाजलेली कातडी भरून येते पण आकसते, तसंच. पडदा जाड होतो, त्याच्या दोऱ्या आखडतात, कडा एकमेकींना चिकटतात.

आधी पडदे नीट मिटत नाहीत आणि रक्त उलटं गळतं. पूजाच्या छातीत ऐकू आलेला आवाज तोच. पुढे वर्षानुवर्षं कडा चिकटत गेल्या की झडप नीट उघडतही नाही. निरोगी मायट्रल झडपेचं तोंड साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढं उघडतं. आजार वाढला की ते सदऱ्याच्या गुंडीएवढं उरतं. मग रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. जिना चढताना दम लागतो, आडवं झोपलं की खोकला येतो. वरचा कप्पा ताणून मोठा होतो, ठोके अनियमित होतात, तिथे गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली तर ऐन पंचविशीत लकवा.

मुलींच्या बाबतीत हे अनेकदा पहिल्या बाळंतपणात उघडं पडतं. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं आणि ते सगळं त्या गुंडीएवढ्या भोकातून जायचं असतं. सहाव्या-सातव्या महिन्यात सून उशाशी चार उशा घेऊन बसून झोपते आणि घरचे म्हणतात, पोट मोठं आहे म्हणून धाप लागते. तसं सरसकट समजू नका, एकदा छाती तपासून घ्या.

अरुंद झडप फुग्याने उघडता येते, खराब झालेली बदलताही येते. पण धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर आणि त्यासाठी वरचेवर रक्ताची तपासणी. वाडीवर राहणाऱ्या बाईला हे किती जड जातं ते मी पाहिलेलं आहे.

आता घसा दुखत नाही, मग सुई कशाला?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कधीच ऱ्हुमॅटिक ताप न आलेल्या मुलाला स्ट्रेप झाला तर धोका शंभरात तीनपर्यंत, हे वर सांगितलं. एकदा ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेलेल्या मुलाला पुन्हा स्ट्रेप झाला, तर तो धोका शंभरात पन्नासपर्यंत जाऊ शकतो. त्याच्या राखणदारांच्या डोक्यात ती चुकीची ओळख पक्की बसलेली असते. चोर नुसता वेशीवर दिसला तरी ते काठ्या घेऊन थेट हृदयाकडे धावतात. ऱ्हुमॅटिक तापाच्या दर झटक्याला झडपेवर नवा व्रण, आधीच्या व्रणावर.

मग घसा दुखेल तेव्हा औषध दिलं तर? इथे ते पुरत नाही. अशा मुलात घसा अजिबात न दुखताही स्ट्रेप येतो आणि झटका देऊन जातो. दुखला आणि लगेच औषध दिलं तरी झटका येऊ शकतो. म्हणून एकच वाट उरते, ती म्हणजे चोराला वेशीच्या आत येऊच द्यायचं नाही. रक्तात पेनिसिलिन कायम असलं की स्ट्रेप घशात बस्तानच मांडू शकत नाही.

सुईने व्रण पुसला जात नाही, हे मी प्रत्येक आईला पहिल्याच दिवशी सांगते. पण नवे व्रण पडायचे थांबले की झडपेला सावरायला उसंत मिळते. सुरुवातीची गळती हलकी असेल तर बऱ्याच मुलांत ती काही वर्षांत कमी होते, काहींत ऐकूही येईनाशी होते. युगांडात एका मोठ्या अभ्यासात काहीही त्रास नसलेल्या, पण एकोत झडपेवर सुरुवातीचे बदल दिसलेल्या सुमारे आठशे मुलांचे दोन गट केले. एका गटाला दोन वर्षं ही इंजेक्शनं दिली, दुसऱ्याला नाही. २०२१ मध्ये निकाल आला: इंजेक्शन घेणाऱ्यांत तिघांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांत ३३ जणांचा.

महिन्यातून एकदा चालणार नाही का?

सगळे 'महिन्याचं इंजेक्शन' म्हणतात, पण आपल्याकडे ते २१ दिवसांनी द्यायचं असतं. कारण औषधाच्या जातीत आहे.

साधं पेनिसिलिन म्हणजे पाटाचं पाणी. एकदम येतं आणि काही तासांत लघवीवाटे निघून जातं. सुईतलं बेन्झाथिन पेनिसिलिन म्हणजे ठिबक. ते पाण्यात विरघळत नाही असं म्हटलं तरी चालेल. मांडीच्या किंवा ढुंगणाच्या स्नायूत खोल टोचल्यावर त्याचा साठा तिथेच बसतो आणि थेंबाथेंबाने रक्तात उतरत राहतो. पण टाकी आटतेच. तिसऱ्या आठवड्यानंतर अनेकांच्या रक्तातली पातळी रोखून धरण्याइतकी उरत नाही. ज्या भागात स्ट्रेप सतत फिरत असतो, तिथे चौथा आठवडा उघडा सोडणं परवडत नाही. २१ दिवसांच्या हिशेबाने वर्षाला सतरा सुया होतात, महिन्याच्या हिशेबाने बारा. मधल्या पाच सुयांनी जेवढे आठवडे झाकले असते, तेवढे आठवडे मूल उघड्यावर असतं.

डोस साधारण बारा लाख युनिटचा. २७ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला सहा लाखांचा, आणि तो आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या नियमावलीप्रमाणे १५ दिवसांनी.

दुखतं फार, आणि रिॲक्शन आली तर?

दुखतं, हे खरं आहे. औषध दाट, दुधाळ असतं आणि रेंगाळलं तर सुईत अडकतं. अडकलं की पुन्हा टोचावं लागतं आणि मूल पुढच्या वेळी दारातूनच पळतं. पावडर पाण्यात पूर्ण मिसळेपर्यंत हलवणं, लगेच भरणं, जरा जाड सुई वापरणं आणि दोनतीन मिनिटं घेऊन सावकाश ढकलणं, एवढ्याने बराच फरक पडतो. टोचण्याआधी तिथे दहा सेकंद अंगठ्याने दाबून धरलं तरी कळ कमी येते. भुलीचं औषध मिसळूनही देता येतं, ते डॉक्टरांनी ठरवायचं. हे औषध शिरेत कधीही द्यायचं नाही, त्याने हृदय बंद पडू शकतं.

जिवावर बेतणारी ॲलर्जी येऊ शकते, पण ती दहा हजार सुयांत एक ते तीन वेळा, इतकी विरळ आहे. म्हणून आधी चाचणी करायची, जवळ ॲड्रेनॅलिन ठेवायचं आणि सुईनंतर अर्धा तास तिथेच बसून राहायचं. जिथे हे होतं तिथेच सुई घ्या. बऱ्याचदा ज्याला रिॲक्शन म्हटलं जातं ती भीतीने आणि कळेने आलेली चक्कर असते. उपाशीपोटी आणू नका, आडवं झोपवून टोचायला सांगा. ज्यांची झडप फारच खराब आहे आणि बसल्या जागी दम लागतो, त्यांच्या हृदयाला मात्र ही चक्करही झेपत नाही. अशा रुग्णांना आता सुईऐवजी गोळ्या देण्याचा विचार केला जातो.

मग सगळ्यांनाच गोळ्या का नाहीत? कारण त्या दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात आणि काही दुखत नसताना रोज गोळी घेणं मोठ्यांनाही जमत नाही. सुईइतकं संरक्षण त्यांनी मिळत नाही. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असलेल्यांना दुसऱ्या औषधाच्या गोळ्या देतात.

शिकलेले पालक विचारतात, इतकी वर्षं अँटिबायोटिक दिल्यावर जंतू निर्ढावणार नाहीत का? इतर जंतूंच्या बाबतीत ही काळजी अगदी योग्य आहे. पण अ गटाचा स्ट्रेप ऐंशी वर्षं पेनिसिलिनचा मारा खाऊनही त्याला दाद न देण्याइतका बनलेला नाही.

'एएसओ वाढलाय' म्हणून सुई सुरू केली, बरोबर आहे का?

याची उलट बाजूही सांगायला हवी. मुलाचे पाय रात्री दुखतात, कोणीतरी रक्ताची एएसओ तपासणी लिहितं, आकडा जास्त येतो आणि दहा वर्षांच्या सुयांची शिक्षा सुरू होते. एएसओ एवढंच सांगतो की अलीकडे स्ट्रेप येऊन गेला. शाळेत जाणाऱ्या कितीतरी निरोगी मुलांत तो वाढलेला असतो. ऱ्हुमॅटिक तापाचं निदान लक्षणांच्या जुळणीवरून होतं: फिरते सुजलेले सांधे, हृदयाची सूज, आपोआप उडणारे हातपाय, अंगावरची विशिष्ट चकंदळं किंवा कातडीखालच्या गाठी. जोन्स नावाच्या डॉक्टरांनी १९४४ मध्ये हे निकष मांडले, २०१५ मध्ये सुधारून त्यांत एकोही धरली गेली. नुसत्या आकड्यावर सुया चालू असतील तर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. पण आपल्या मनाने बंद करू नका.

किती वर्षं?

हृदयाला काहीच झालेलं नसेल तर शेवटच्या झटक्यापासून निदान ५ वर्षं किंवा वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत, यातलं जे नंतर येईल ते. हृदयाला सूज आली होती पण झडप जवळपास सावरली असेल तर १० वर्षं किंवा पंचविशीपर्यंत. झडप कायमची खराब असेल किंवा बदललेली असेल तर चाळिशीपर्यंत, शक्यतो जन्मभर. झडप बदलल्यावर सुई संपली असं अनेकांना वाटतं. तसं नाही, इतर झडपा आपल्याच असतात. गरोदरपणातही ही सुई चालू ठेवायची, ती बाळाला सुरक्षित आहे.

पूजाचं कार्ड अकराव्या वर्षी झालं. पहिला उन्हाळा-पावसाळा सगळ्या तारखांवर सह्या आहेत. मग नोव्हेंबर ते मार्च रकाने कोरे, आणि फेब्रुवारीत तिसरा झटका. आईने टाळाटाळ केलेली नव्हती. कारखान्याजवळच्या दवाखान्यात कार्ड नसल्यामुळे 'तिकडून लिहून आणा' म्हणून परत पाठवलं होतं आणि दोन दिवसांचा खाडा परवडणारा नव्हता.

आता ती तेरा वर्षांची आहे. गळती वाढली आहे, पण ऑपरेशनची वेळ आलेली नाही. यंदा निघायच्या आधी २० ऑक्टोबरला तिला सुई दिली. कार्डावर निदान, डोस आणि 'चाचणी झालेली, त्रास नाही' हे मोठ्या अक्षरांत लिहिलं, आईच्या आणि मुकादमाच्या फोनमध्ये त्याचा फोटो काढून दिला. फडाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कोणतं ते विचारून तिथल्या सिस्टरांशी बोलले. मग आईसमोर बसून पुढच्या तारखा एकेक करून लिहिल्या: १० नोव्हेंबर, १ डिसेंबर, २२ डिसेंबर, १२ जानेवारी, २ फेब्रुवारी, २३ फेब्रुवारी, १६ मार्च. आईने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "सात व्हय? मग सातवी तिकडं, आठवी इथं येऊन घेऊ."